प्लेसमेंटच्या आकड्याचा छेद : खासगी महाविद्यालयाच्या नावलौकिकाचे गणित

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की वृत्तपत्रांची पाने, शहरांतील चौक आणि बसगाड्यांच्या मागील बाजू महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. बहुतेक जाहिरातींची मांडणी एकसारखीच असते. सर्वांत मोठ्या पॅकेजचा ठळक आकडा, नामांकित कंपन्यांची बोधचिन्हे, नॅकची श्रेणी आणि हिरवळीवर हसत बसलेले विद्यार्थी एवढे घटक त्यात हमखास आढळतात. शेजारच्या महाविद्यालयाची जाहिरातही नेमकी अशीच असल्याने तिच्यामुळे संस्थांमध्ये भेद करणे पालकाला शक्य होत नाही. खासगी महाविद्यालयाचे नाव ज्या तीन गोष्टींवर उभे राहते, त्या विश्वासार्हता, शिक्षणाची फलनिष्पत्ती आणि परिसरातील अनुभव या होत. जाहिरातीत त्या तीन स्वतंत्र चौकटींत मांडल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकाच हिशेबाचे भाग आहेत आणि तो हिशेब मांडण्याचे धाडस किती, यावर संस्थेचा लौकिक ठरतो. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या उदाहरणाने ही बाब स्पष्ट करता येते.

स्पर्धा नेमकी कुठे होते

अभियांत्रिकीचे बहुसंख्य प्रवेश राज्यांच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीनंतरच्या केंद्रीभूत फेऱ्या असतात, कर्नाटकात परीक्षा प्राधिकरणाची प्रक्रिया असते आणि तेलंगणा व आंध्र प्रदेशात ईएपीसीईटीनंतरचे समुपदेशन असते. तामिळनाडूत प्रवेश परीक्षा नाही, तेथे बारावीच्या गुणांवर समुपदेशन होते. पद्धती वेगळ्या असल्या तरी विद्यार्थ्याची निर्णायक कृती सर्वत्र एकच असते. तो महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोड्यांची पसंतीक्रमाने यादी भरतो. या यादीत संस्थेचे नाव तिसऱ्या ओळीत येते की तेविसाव्या, हेच तिच्या नावलौकिकाचे खरे मोजमाप होय. फेरीनंतर जाहीर होणारा शेवटचा प्रवेशगुण हे त्या पसंतीचे सार्वजनिक प्रतिबिंब असते.

ही यादी जाहिरात समोर ठेवून भरली जात नाही. वरच्या वर्गात शिकणारा मावसभाऊ, शेजारची माजी विद्यार्थिनी, शिकवणीतील शिक्षक आणि संकेतस्थळांवरील सरकारी स्वरूपाची माहिती यांचा आधार घेऊन कुटुंब ती तयार करते. म्हणजेच संस्थेचा दावा ज्या क्षणी उपयोगात येतो, त्याच क्षणी तो पडताळलाही जातो. पडताळणीत न टिकणारा दावा केवळ निरुपयोगी ठरत नाही, तर उरलेल्या खऱ्या दाव्यांवरही संशय निर्माण करतो.

एका तुकडीचा हिशेब

पुढील उदाहरण कल्पित आहे, मात्र त्यातील प्रत्येक रकाना वास्तवातील आहे. एका महाविद्यालयात एका वर्षी प्रथम वर्षाला ३६० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. पुढील वर्षी पदविकाधारक ३६ विद्यार्थी थेट द्वितीय वर्षात आले. अशा रीतीने ही तुकडी ३९६ जणांची झाली. त्यांपैकी विहित कालावधीत, म्हणजे एकही वर्ष वाया न जाता, पदवी मिळवणारे विद्यार्थी २९० होते. कॅम्पस मुलाखतींसाठी नोंदणी करता आली ती २१० जणांना, कारण कंपन्यांनी किमान ६० टक्के गुण आणि एकही विषय शिल्लक नसणे अशा अटी घातल्या होत्या. कंपन्यांनी एकूण २३१ नियुक्तीप्रस्ताव दिले. काहींना दोन-दोन प्रस्ताव मिळाल्याने प्रत्यक्ष निवड झालेले विद्यार्थी १६५ होते. उच्च शिक्षणाकडे २८ जण वळले.

या एकाच तुकडीतून अनेक आकडे काढता येतात. प्रस्तावांची संख्या नोंदणीच्या संख्येने भागली, तर ‘११० टक्के प्लेसमेंट’ असा चमत्कारिक दावा तयार होतो. निवड झालेले १६५ आणि नोंदणी केलेले २१० यांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के येते. पदवी मिळवलेल्या २९० जणांशी तुलना केल्यास ते ५७ टक्क्यांवर उतरते. मुळात प्रवेश घेतलेल्या ३९६ जणांशी ताडून पाहिल्यास ते जेमतेम ४२ टक्के उरते. एका मुद्द्यावर हे आकडे एकमेकांपासून दूर जातात. अपूर्णांकाचा अंश फारसा बदलत नाही, छेद मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. जाहिरातीत छेद छापला जात नाही आणि संशयाचे मूळ तेथेच आहे.

वेतनाबाबतही असेच घडते. निवड झालेल्या १६५ जणांपैकी एकाला वार्षिक ४२ लाख, चौघांना १८ लाख, वीस जणांना ८ लाख, पन्नास जणांना साडेचार लाख आणि नव्वद जणांना ३ लाख २० हजार रुपये मिळाले, असे समजू. सर्वोच्च पॅकेज ४२ लाखांचे झाले. सरासरी सुमारे ४ लाख ७७ हजार येते. मध्यक, म्हणजे वेतने चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्यभागी येणारे वेतन, ३ लाख २० हजार आहे. प्रवेशाच्या दारात उभ्या असलेल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला यांतील मध्यकच सर्वांत जवळचा आहे. ४२ लाखांच्या आकड्याचा त्याच्या भवितव्याशी संबंध क्वचितच येतो. तरीही फलकावर तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

माहिती आधीच उघड आहे

अनेक संस्थाचालकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की, हा हिशेब लपवून ठेवणे आता सहजासहजी शक्य नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी, म्हणजेच एनआयआरएफ, २०१५ मध्ये सुरू झाली आणि पहिली क्रमवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात सहभागी होणाऱ्या संस्थेला प्रथम वर्षातील प्रवेश, थेट द्वितीय वर्षातील प्रवेश, विहित कालावधीत पदवी मिळवणाऱ्यांची संख्या, नोकरी लागलेल्यांची संख्या, त्यांच्या वेतनाचा मध्यक आणि उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या ही माहिती सादर करावी लागते आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. वरील उदाहरणातील ३९६, २९०, १६५, २८ आणि ३ लाख २० हजार हे आकडे नेमके याच तक्त्यात असतात.

साहजिकच पुष्कळ ठिकाणी एकाच संस्थेचे दोन आकडे एकाच संकेतस्थळावर नांदताना दिसतात. प्रसिद्धी विभागाने मुखपृष्ठावर ७९ टक्के लिहिलेले असते आणि क्रमवारीसाठी दिलेल्या तक्त्यातून ५७ टक्के निघतात. हेतुपुरस्सर लबाडी प्रत्येक वेळी असतेच असे नाही, अनेकदा दोन कार्यालयांनी दोन वेगळे छेद वापरलेले असतात. पालकाच्या दृष्टीने मात्र हा फरक खोटेपणाचाच ठरतो. म्हणून नाममुद्रेच्या धोरणाची पहिली पायरी नवे बोधचिन्ह तयार करणे ही नव्हे. संस्थेतून बाहेर जाणारा प्रत्येक आकडा एकाच नोंदवहीतून यावा, ही व्यवस्था लावणे ही ती पायरी होय.

नियमांची दिशाही हीच आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या शैक्षणिक संस्थांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, नोकरी लागलेल्यांची संख्या जाहिरातीत देताना त्या वर्गातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची एकूण संख्याही द्यावी लागते. परिसराचे छायाचित्र त्या वेळी प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या वास्तूचेच हवे आणि क्रमवारीचा उल्लेख करताना ती कोणी व केव्हा प्रसिद्ध केली हे सांगावे, अशीही अपेक्षा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो.

आकडा कसा प्रसिद्ध करावा

प्रामाणिक आकडा प्रसिद्ध करण्यासाठी प्रथम व्याख्या निश्चित कराव्या लागतात. प्रस्ताव मोजायचे की विद्यार्थी, हा पहिला प्रश्न होय. एका विद्यार्थ्याला तीन प्रस्ताव मिळाले तरी त्याची नोंद एकच असावी. मोजणी कोणत्या दिवशी करायची, हा दुसरा प्रश्न. सातव्या सत्रात प्रस्ताव मिळतो, पण रुजू होणे पदवीनंतर असते आणि या मधल्या काळात बरेच काही बदलते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात २०२२ नंतर नव्या पदवीधरांच्या रुजू होण्याच्या तारखा महिनोन्‌महिने लांबल्याचा अनुभव देशभरातील महाविद्यालयांनी घेतला. त्यामुळे पदवीनंतरच्या ३१ डिसेंबरला प्रत्यक्ष रुजू झालेले विद्यार्थी मोजणे अधिक सुरक्षित ठरते.

तिसरा प्रश्न वेतनाच्या व्याख्येचा आहे. कंपनी जो वार्षिक खर्च सांगते, त्यात निश्चित वेतनाखेरीज कामगिरीनुसार मिळणारी रक्कम, रुजू होतानाचा एकरकमी लाभ, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि कधी कधी अनेक वर्षांत मिळणारे समभागही मिळवलेले असतात. यांपैकी निश्चित वार्षिक वेतन वेगळे दाखवणे आवश्यक आहे. यासाठी देशात एक वस्तुपाठ उपलब्ध आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने गेल्या दशकाच्या आरंभी प्लेसमेंट अहवालांसाठी मानके पुढे आणली. त्यांनुसारच्या लेखापरीक्षित अहवालात वेतनाचे घटक वेगवेगळे दाखवले जातात आणि सर्वोच्च आकड्याबरोबर किमान, सरासरी व मध्यकही दिला जातो. मोठ्या संस्थेला जे परवडते ते छोट्या महाविद्यालयालाही अशक्य नाही. नियुक्तीपत्रांच्या प्रती, रुजू झाल्याची पत्रे आणि त्यांवर बाहेरील सनदी लेखापालाची तपासणी एवढे त्यासाठी पुरेसे असते.

हा तक्ता शाखानिहाय आणि किमान तीन वर्षांचा असावा. संगणक शाखेच्या निकालाच्या आडोशाला स्थापत्य किंवा यंत्र शाखेचा निकाल लपवला, तर त्या शाखांतील विद्यार्थी संस्थेविरुद्ध बोलणारे पहिले साक्षीदार बनतात. उलट यंत्र शाखेचे वेतन कमी असूनही कोणत्या कारखान्यांत आणि कोणत्या पदांवर विद्यार्थी लागले हे लिहिले, तर त्या शाखेची खरोखर आवड असलेला विद्यार्थी तिकडे वळतो.

छेद वाढवल्यावर काय दिसते

प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांचा छेद लावण्याचा मोठा लाभ प्रसिद्धीपलीकडचा आहे, कारण दोष नेमका कुठे आहे हे त्यातून संस्थेलाच कळते. उदाहरणातील महाविद्यालयात पदवी मिळूनही नोकरी किंवा उच्च शिक्षण यांपैकी काहीही हाती नसलेले विद्यार्थी ९७ होते. विहित कालावधीत पदवीपर्यंतच न पोहोचलेले मात्र १०६ होते. याशिवाय पदवीधरांपैकी ८० जणांची मुलाखतींसाठी नोंदणीच झालेली नव्हती. त्यांतील काहींनी उच्च शिक्षणासाठी स्वतःहून नोंदणी टाळली असेल, पण उरलेले अनेक जण गुणांच्या अटीत अडकले होते. म्हणजे गळतीचा मोठा भाग कंपन्या दारात येण्यापूर्वीच झालेला होता. अशा संस्थेने प्लेसमेंट अधिकाऱ्यांची संख्या वाढवून किंवा फलकांवर अधिक खर्च करून परिस्थिती सुधारत नाही.

गळतीचे कारण बहुधा पहिल्या दोन सत्रांत सापडते. अभियांत्रिकी गणित, यांत्रिकी आणि संगणक आज्ञावलीची ओळख या विषयांत विद्यार्थी अडकतात आणि शिल्लक राहिलेले विषय पुढील सत्रांत ओढत नेतात. मातृभाषेतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील व्याख्यान समजण्यास काही महिने लागतात. थेट द्वितीय वर्षात आलेल्या पदविकाधारकाचे हस्तकौशल्य चांगले असते, पण गणिताची एक पायरी त्याच्याकडून सुटलेली असते. यावरील उपाय गाजावाजा करण्यासारखे नसतात. पहिल्या चाचणीनंतर दोन आठवड्यांत मागे पडलेल्यांची यादी, वीस विद्यार्थ्यांमागे नावानिशी एक मार्गदर्शक अध्यापक आणि सायंकाळचे गणिताचे वर्ग असे त्यांचे स्वरूप असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नवागतांसाठी आखून दिलेला तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम अनेक ठिकाणी सत्कार आणि भाषणांत संपतो. तोच वेळ विद्यार्थ्याची तयारी तपासण्यासाठी वापरला, तर त्याचा परिणाम चार वर्षांनी त्या तक्त्यात दिसतो.

परिसराचा अनुभव म्हणतात तो हाच. व्यायामशाळा, प्रेक्षागृह आणि वार्षिक महोत्सव यांना स्थान आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी ज्या गोष्टी सांगतो त्या वेगळ्या असतात. शिक्षक तासाला येतात का, प्रयोगशाळेतील यंत्र स्वतः हाताळायला मिळते का, वसतिगृहात पाणी असते का, खानावळीतील जेवण कसे आहे, तक्रार केली तर कोणी ऐकते का, या प्रश्नांची उत्तरे तो देतो. ती ऐकणाऱ्यांमध्ये पुढील वर्षीचा उमेदवार असतो. अध्यापकांच्या यादीकडे पालकांचे लक्ष जाते, कारण संस्थेला ती अनिवार्य माहितीत संकेतस्थळावर द्यावी लागते. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार पदवी अभ्यासक्रमात वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक अपेक्षित आहे. यादीतील नावे आणि वर्गात दिसणारे चेहरे यांचा मेळ बसला नाही, तर त्याची चर्चा विद्यार्थ्यांमध्ये पहिल्याच महिन्यात सुरू होते.

पैशाच्या व्यवहारातील कसोटी

विश्वासार्हतेची सर्वांत कठीण कसोटी विद्यार्थी येताना लागत नाही, तो जाताना लागते. पुढच्या फेरीत अधिक चांगले महाविद्यालय मिळालेला विद्यार्थी प्रवेश रद्द करण्यासाठी येतो, तेव्हा काही संस्था मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवतात किंवा शुल्क परत देण्यास महिने लावतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार मुदतीत प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून उर्वरित रक्कम परत करावी लागते आणि मूळ कागदपत्रे अडवता येत नाहीत. सात दिवसांत रक्कम खात्यात जमा करणाऱ्या संस्थेचा एक विद्यार्थी गेलेला असतो, पण त्याच्या शिकवणीतील पन्नास जणांना त्या संस्थेविषयी चांगले ऐकायला मिळते.

शुल्काचेही तसेच आहे. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मात्र वसतिगृह, खानावळ, बस आणि अनामत रकमा मिळून चार वर्षांचा एकूण खर्च किती होईल, हे एका कागदावर क्वचितच दिले जाते. तो कागद प्रवेशापूर्वी पालकाच्या हाती पडला, तर दुसऱ्या वर्षी उद्भवणारे बहुतेक वाद टळतात. प्रवेशामागे दलाली घेणारे मध्यस्थ हा या संदर्भातील मोठा धोका आहे. मध्यस्थाला पैसे प्रवेशाच्या दिवशी मिळतात, त्यामुळे शिष्यवृत्ती, वसतिगृहातील खोली आणि नोकरी यांविषयी तो मनाप्रमाणे आश्वासने देतो. ती पूर्ण करण्याची जबाबदारी मात्र चार वर्षे संस्थेवर राहते.

मूल्यांकनाच्या श्रेणीलाही मर्यादा आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते. संस्थेला उत्तम श्रेणी असूनही एखादी शाखा एनबीएच्या मान्यतेविना असू शकते, म्हणून कोणती मान्यता कोणत्या शाखेला आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिणे योग्य ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना लाचप्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केल्यानंतर केवळ श्रेणीच्या बळावर विश्वास मागणे अधिकच अवघड झाले आहे.

परिणाम कशावरून कळतो

या धोरणाला फळ येते आहे की नाही, हे संस्थेला स्वतःच्या नोंदींतून समजू शकते. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारणे पुरेसे असते. हे महाविद्यालय यादीत कितव्या क्रमांकावर होते आणि त्याविषयी प्रथम कोणाकडून कळले, हे ते प्रश्न होत. पसंतीचा मधला क्रमांक वर्षागणिक वर सरकत असेल आणि आजी-माजी विद्यार्थ्यांकडून कळलेल्यांचे प्रमाण वाढत असेल, तर नाव रुजते आहे असे मानता येते. प्रवेश भरले, पण बहुतेक जण मध्यस्थांमार्फत आले आणि रद्द होणारे प्रवेशही वाढले, तर भरलेल्या जागांवरून निष्कर्ष काढणे फसवे ठरते.

या मार्गाच्या मर्यादाही आहेत. शेजारची संस्था ‘शंभर टक्के’ लिहीत असताना ५७ टक्के छापणाऱ्या महाविद्यालयाला पहिल्या एक-दोन हंगामांत काही जागा गमवाव्या लागू शकतात. संगणक शाखेकडील ओढा आणि स्थापत्य शाखेकडील अनास्था कोणत्याही नाममुद्रेने बदलत नाही. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा हटवल्यानंतर मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांना तुकड्या वाढवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे लहान गावांतील चांगल्या महाविद्यालयांवरचा ताण वाढणे स्वाभाविक आहे आणि प्रांजळपणाने अंतराची भरपाई होत नाही. शिवाय प्रथम वर्षात केलेल्या सुधारणेचे फळ प्लेसमेंटच्या तक्त्यात उतरण्यास चार वर्षे लागतात, तर विश्वस्त मंडळ पुढच्या जुलैतील जागांचा हिशेब मागत असते.

या मधल्या काळात संस्थेला दाखवता येण्याजोगा एक आकडा असतो. प्रथम वर्षातील किती विद्यार्थी एकही विषय शिल्लक न ठेवता द्वितीय वर्षात गेले, हे दर वर्षी ऑगस्टपर्यंत स्पष्ट होते. उदाहरणातील महाविद्यालयाने प्रवेश घेतलेल्या सर्व ३६० जणांच्या छेदासह हा आकडा शाखानिहाय जाहीर केला, तर १०६ जणांची गळती कमी होते आहे की नाही, हे पालकांना आणि विश्वस्तांना चार वर्षे न थांबता पाहता येईल.